नवा स्मार्ट टीव्ही, अनोळखी भाषा : पहिली सेटिंग कशी करावी?



आपल्या भोर-वेल्ह्याच्या भागात आता शाळेच्या वर्गात आणि घरातही स्मार्ट टीव्ही दिसू लागला आहे. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो.) कुठे लोकवर्गणीतून घेतलेला असतो, तर कुठे पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या गावकऱ्याने दिलेला. टीव्ही भिंतीवर लागतो, नारळ फुटतो, रिमोटचं बटण दाबलं जातं आणि पहिल्या दोन-तीन स्क्रीनमध्येच गाडी अडते. कारण त्या स्क्रीनवरची भाषा आपली नसते. कधी इंग्रजी असते, तर कधी मुलांच्या हातून चुकीची ओळ दाबली जाते आणि टीव्ही थाई किंवा इंडोनेशियन भाषेत बोलू लागतो. मग माहितगार माणूस तालुक्याच्या गावाहून येईपर्यंत टीव्ही नुसता टांगलेला राहतो.

या लेखात आपण ही पहिली सेटिंग समजून घेऊ. भाषा, नेटवर्क, देश आणि खातं असे तिचे चार मुख्य टप्पे आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. समजा, मढे घाटाच्या बाजूच्या एका वाडीतल्या शाळेत गूगलची प्रणाली असलेला ३२ इंची टीव्ही आला. घाईत कुणीतरी भाषेच्या यादीत `Bahasa Indonesia` या ओळीवर ओके दाबलं. आता अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण शब्द एकही कळत नाही. इथून पुढे काय करायचं?

१. स्क्रीन वाचायची नाही, ओळखायची

आपण एसटीच्या पाटीवरचं गाव वाचतो, पण गाडीच्या रंगावरून आणि लागलेल्या फलाटावरूनही ती ओळखतो. टीव्हीच्या स्क्रीनचंही तसंच आहे. कंपनी कोणतीही असो, पहिल्या सेटिंगमध्ये विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच असतात. क्रम थोडा मागेपुढे होतो. काही टीव्ही देश आधी विचारतात, काही वाय-फाय आधी विचारतात. पण प्रत्येक प्रश्नाच्या स्क्रीनचा चेहरा वेगळा असतो आणि तो भाषा बदलली तरी बदलत नाही.

- एकाच यादीत बऱ्याच लिप्या दिसल्या, म्हणजे देवनागरी, तमिळ, अरबी, चिनी सगळं एकाखाली एक, तर ती भाषेची स्क्रीन.
- नावांची यादी आहे आणि प्रत्येक नावाशेजारी पंख्यासारखं चिन्ह, काहींवर कुलूप, तर ती वाय-फायची स्क्रीन. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव त्यात दिसलं की शंकाच उरत नाही.
- एकाच लिपीतली लांबलचक यादी, त्यात `India`, `Indonesia`, `Italia` अशी ओळखीची नावं दिसली तर ती देशाची स्क्रीन.
- काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड, किंवा एकच रिकामी चौकट आणि खाली `@` असलेला कीबोर्ड दिसला तर ती खात्याची स्क्रीन.
- बारीक अक्षरातला भरपूर मजकूर आणि खाली किंवा बाजूला एक-दोन बटणं असतील तर त्या अटी असतात.

हे पाच चेहरे ओळखता आले तर निम्मं काम झालं. वर्गाच्या भिंतीवर पाचही चित्रं काढून लावली तर चौथीतलं मूलही सांगेल, "गुरुजी, ही वाय-फायची आली."

२. भाषा : आधी मागे फिरा

आपल्या उदाहरणातला टीव्ही इंडोनेशियन भाषेत गेलाय. इथे बहुतेक जण पटापट ओके दाबत पुढे जातात. "पुढे कुठेतरी भाषा बदलायला मिळेल," असं वाटतं. तसं करू नका. सेटिंग पूर्ण झालेली नसताना रिमोटवरचं मागे जायचं बटण, म्हणजे वळलेला किंवा डावीकडे टोक असलेला बाण, एकेकदा दाबत राहा. बहुतेक टीव्हींत दोन-चार दाबांत लिप्यांची यादी परत येते. यादीत प्रत्येक भाषा आपल्याच लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे मराठी ‘मराठी’ म्हणूनच दिसते आणि हिंदी ‘हिन्दी’ म्हणून. सगळ्या टीव्हींत मराठी असतेच असं नाही. ती नसेल तर `English` घ्या. त्याखाली देशांची उपयादी आली तर `India` निवडा, `United States` नको. पहिली ओळ बऱ्याचदा अमेरिकेची असते, म्हणून नकळत तीच दाबली जाते.

सेटिंग पूर्ण होऊन गेली असेल तर काय? तर मुख्य स्क्रीनवर दातेरी चाकाचं चिन्ह शोधा. ते बहुधा वरच्या उजव्या कोपऱ्यात असतं. त्याच्या आत पुन्हा चाकासारखं किंवा यंत्रासारखं चिन्ह असलेली ओळ असते, तिला इंग्रजीत `System` किंवा `Device Preferences` म्हणतात. तिच्या आत तारीख-वेळ, भाषा आणि कीबोर्ड या ओळी एकमेकींच्या आसपास असतात. एकेका ओळीत शिरून पाहा. आत लिप्यांची खिचडी दिसली नाही तर बॅक दाबून बाहेर या आणि पुढची ओळ उघडा. नुसतं आत जाऊन पाहिल्याने काही बिघडत नाही. मात्र "सगळं पुसायचं का?" असं विचारणारी ओळही याच भागात असू शकते. म्हणून दोनच बटणांची, इशारा दिल्यासारखी स्क्रीन आली तर ओके न दाबता मागे या.

३. नेटवर्क : तीन वेगळ्या अडचणी, तीन वेगळी कारणं

आपल्याकडच्या डोंगराळ भागात बहुतेक शाळांचा टीव्ही शिक्षकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवरच चालतो. त्यामुळे टीव्हीला हात लावण्याआधी फोनमध्ये दोन गोष्टी करून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे हॉटस्पॉटचं नाव लहान आणि रोमन अक्षरांत ठेवा, उदाहरणार्थ `SHALA1`. नावात देवनागरी किंवा चित्रं असतील तर काही टीव्ही तिथे नुसत्या चौकटी किंवा प्रश्नचिन्हं दाखवतात आणि आपलं नेटवर्क कोणतं तेच कळत नाही.

दुसरी गोष्ट पासवर्डची. टीव्ही ज्या भाषेत असेल त्या भाषेचा कीबोर्ड उघडू शकतो. थाई निवडलं असेल तर थाई अक्षरं समोर येतील आणि त्यात `shala` कसं लिहिणार? म्हणून तेवढ्या वेळापुरता पासवर्ड फक्त आकड्यांचा ठेवा. तो किमान आठ आकड्यांचा लागतो. `?123` किंवा `123` असं लिहिलेली कळ बहुतेक कीबोर्डवर असते, ती दाबली की आकडे मिळतात. काम झालं की हॉटस्पॉटचा पासवर्ड पुन्हा अवघड ठेवा आणि टीव्हीत तो नव्याने भरा.

आता जोडणी झाली नाही तर नुसतं "वाय-फाय लागत नाही" म्हणून थांबू नका. नेमकं कुठे अडलं ते पाहा. त्यावरून कारण कळतं.

अ) यादीत आपलं नाव दिसतच नाही. फोन समोर आहे, हॉटस्पॉट चालू आहे, तरी नाव नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे बँड. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडांवर चालतं. स्वस्तातले बरेच टीव्ही फक्त २.४ ऐकू शकतात आणि फोन मात्र ५ वर हॉटस्पॉट चालू करतो. फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन बँड २.४ करा. काही फोनमध्ये त्याऐवजी `Extend compatibility` नावाचं बटण असतं, आयफोनमध्ये `Maximise Compatibility`. ते चालू केलं की नाव यादीत येतं.

आ) नाव दिसतं, पण जोडणी नाकारली जाते. इथे पासवर्ड चुकलेला असतो. लाल अक्षरांतली ओळ येते किंवा पासवर्डची चौकट पुन्हा उघडते. आकडे पुन्हा सावकाश भरा.

इ) जोडणी होते, पण इंटरनेट नाही. पंख्यावर उद्गारचिन्ह किंवा फुली दिसते. म्हणजे टीव्ही आणि फोन यांच्यातला रस्ता ठीक आहे, अडचण फोनच्या पलीकडे आहे. फोनवर एखादं पान उघडून पाहा. तेही उघडत नसेल तर रेंज नाही किंवा दिवसाचा डाटा संपलाय. नीरा-देवघर किंवा गुंजवणीच्या खोऱ्यात वर्गात रेंज नसते, पण ओट्यावर असते. अशा वेळी फोन खिडकीत ठेवा. फोन आणि टीव्ही यांत एखादी भिंत असली तरी २.४ चा बँड सहसा चालून जातो.

फोनवर पान उघडतंय आणि टीव्हीवर नाही, असं झालं तर टीव्हीची तारीख पाहा. इंटरनेटवरच्या प्रत्येक सुरक्षित ठिकाणाला एक मुदतीचं प्रमाणपत्र असतं. टीव्ही स्वतःच्या घड्याळावरून ती मुदत तपासतो. त्याचं घड्याळ काही वर्षं मागे असेल तर त्याला सगळीच प्रमाणपत्रं चुकीची वाटतात आणि तो पुढे जात नाही. तारीख हाताने बरोबर केली की अडलेली स्क्रीन पुढे सरकते.

जोडणी झाल्याबरोबर बऱ्याचदा अपडेट सुरू होतं. गोल फिरतो किंवा टक्के वाढताना दिसतात. अपडेट शेकडो एमबीचं असू शकतं. फोनवर रोजचा दीड जीबी डाटा असेल तर त्यातला मोठा हिस्सा इथेच जातो. `Skip` किंवा `Later` मिळत असेल तर अपडेट पुढे ढकला आणि भोरला किंवा नसरापूरला कुणाच्या घरचं ब्रॉडबँड मिळेल तेव्हा करा. पावसाळ्यात लाईट ये-जा करत असेल तर नक्कीच ढकला. अपडेट अर्धवट असताना लाईट गेली तर काही टीव्ही कंपनीच्या बोधचिन्हावरच अडकून बसतात आणि मग दुरुस्तीवाल्याकडेच न्यावे लागतात.

४. देश : घड्याळाचे मिनिट चूक सांगतात

देश विचारला की पुष्कळांना वाटतं, ही नुसती माहिती आहे, काहीही दाबलं तरी चालेल. तसं नाही. देशावरून टीव्ही वेळ ठरवतो, कोणती ॲप्स द्यायची ते ठरवतो, काही टीव्हींत चॅनेल शोधायची पद्धतही ठरवतो. इतकंच काय, वाय-फायसुद्धा त्यावर अवलंबून असतं. २.४ च्या बँडमध्ये भारतात १ ते १३ क्रमांकाच्या लहरमार्गांना परवानगी आहे, अमेरिकेत मात्र १ ते ११ च वापरतात. टीव्हीत देश अमेरिका असेल आणि राऊटर १२ किंवा १३ वर असेल तर तो राऊटर टीव्हीला दिसणारच नाही. बँड बरोबर असूनही नाव दिसत नसेल तर देश तपासा, असं म्हणतात ते यामुळेच.

आपल्या उदाहरणात भाषा तर दुरुस्त झाली, पण देशाच्या यादीत `Indonesia` आधीच दाबलं गेलं होतं. ते कसं ओळखायचं? घड्याळ पाहा. शाळेच्या घड्याळात ११ वाजलेत आणि टीव्ही १२:३० दाखवतोय. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, जकार्ताची सात तास पुढे. फरक दीड तासाचा. म्हणजे टीव्ही स्वतःला जकार्तात समजतोय!

यातून एक सोपी खूण मिळते. जगातल्या बहुतेक देशांची वेळ पूर्ण तासांत मोजली जाते आणि आपली अर्ध्या तासाची आहे. त्यामुळे टीव्हीच्या मिनिटांत बरोबर ३० चा फरक असेल तर देश किंवा वेळेचा पट्टा चुकलाय. तास, मिनिटं आणि तारीख सगळंच भलतं असेल तर घड्याळ लागलेलंच नाही आणि नेटवर्कच्या भागात सांगितलेली तारखेची अडचण येणार आहे.

देश बदलायला पुन्हा बॅक दाबून त्या स्क्रीनवर जा. सेटिंग पूर्ण झाल्यावर काही टीव्हींत देश बदलता येतो, तर काहींत पूर्ण रीसेट करून पहिल्यापासून यावं लागतं. परदेशातून आणलेल्या टीव्हीच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. मेनूची भाषा बदलली तरी तो ज्या बाजारपेठेसाठी बनला त्याच बाजारपेठेची ॲप्स दाखवू शकतो. चीनमधल्या विक्रीसाठी बनलेल्या टीव्हीत गूगलच्या सेवाच नसतात. तिथे सेटिंग बरोबर करूनही यूट्यूब मिळणार नाही. अशा टीव्हीला एचडीएमआय वायरने लॅपटॉप जोडणं हाच सरळ मार्ग.

काही टीव्ही पिनकोडही विचारतात. भोरचा `412206`, वेल्ह्याचा `412212`, नसरापूरचा `412213`. तालुक्याचं नाव बदललं तरी पिन तोच भरायचा.

याच भागात एक छोटी पण त्रास देणारी स्क्रीन येते. एका बाजूला घराचं चित्र, दुसऱ्या बाजूला दुकानाचं. `Home` आणि `Store`. नेहमी घर निवडा. दुकान निवडलं तर चित्र डोळ्यांना बोचेल इतकं भडक होतं, मधेमधे जाहिरातीच्या पट्ट्या येतात आणि आपण बदललेला आवाज-उजेड थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखा होतो. टीव्ही खराब निघाला म्हणून परत करायला निघण्याआधी हे एकदा पाहून घ्या.

५. खातं : कुणाचं टाकायचं?

आधीच्या टप्प्यांत झालेली चूक दुरुस्त करता येते. खात्याच्या टप्प्यात मात्र एखाद्या माणसाची खासगी माहिती वर्गासमोर येऊ शकते.

गूगलच्या टीव्हीत या वेळी सहसा दोन पर्याय येतात. `Set up Google TV` आणि `Set up basic TV`. दुसरा पर्याय घेतला तर खातं लागत नाही. टीव्ही अँटेना, सेटटॉप बॉक्स आणि एचडीएमआयवर चालतो, पण ॲप्स मिळत नाहीत. नंतर मन बदललं तर सेटिंगमधून पूर्ण टीव्ही सुरू करता येतो. खातं अजून ठरलेलं नसेल तर आजच्या दिवसापुरता हाच पर्याय घ्या आणि लॅपटॉप जोडून पाठ दाखवा.

खातं टाकायचंच असेल तर फोनवर क्यूआर कोड स्कॅन करणं सोपं, कारण मग पासवर्ड आपल्या ओळखीच्या कीबोर्डवर टाइप होतो. पण एक अडचण लक्षात ठेवा. गूगल होम ॲपने सेटिंग करताना फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. ज्या फोनवरून हॉटस्पॉट दिलाय तोच फोन वापरला तर काम अडू शकतं. दुसऱ्या शिक्षकाच्या फोनवरून हॉटस्पॉट द्या, किंवा फोनचा मार्ग सोडून रिमोटनेच पुढे जा.

आता मुख्य प्रश्न. समजा, आपल्या उदाहरणातल्या शाळेत एका बाईंनी स्वतःचं खातं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं जे पाहतील ते बाईंच्या फोनवरच्या यूट्यूबमध्ये दिसू लागतं. उलट बाईंनी रात्री घरी शोधलेलं वर्गात टीव्ही सुचवू लागतो. खात्याला पैसे भरायचं साधन जोडलेलं असेल तर टीव्हीवरून खरेदीही होऊ शकते. दोन वर्षांनी बाईंची बदली होते. टीव्ही शाळेत राहतो, खातंही टीव्हीत राहतं. नव्या गुरुजींना पासवर्ड माहीत नसतो आणि पडताळणीचा संदेश बाईंच्या फोनवर जातो.

म्हणून शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा. त्यात पैसे भरायचं कोणतंही साधन जोडू नका. पडताळणीसाठी कोणाचा नंबर दिलाय ते शाळेच्या दप्तरात लिहून ठेवा आणि बदलीच्या वेळी पदभार देताना तो नंबर बदला. घरी मात्र आजीच्या टीव्हीत शहरातल्या मुलाचं खातं टाकायची पद्धत आहे, तिथेही हाच विचार करा. आजी जे पाहील ते मुलाला दिसेल आणि मुलाचं आजीला.

खातं चुकीचं टाकलं गेलं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या भागात जाऊन ते काढता येतं. टीव्ही हाताशी नसेल, म्हणजे बदली होऊन गेल्यावर लक्षात आलं असेल, तर फोनवर `myaccount.google.com` उघडा, `Security` मध्ये `Your devices` पाहा, त्यात टीव्हीचं नाव शोधा आणि तिथून `Sign out` करा.

खात्याच्या मागेपुढे अटींच्या स्क्रीन येतात. त्या दोन प्रकारच्या असतात. ज्या मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही त्या सेवेच्या अटी. बाकी शेजारी चौकट किंवा नकाराचं बटण असलेल्या अटी ऐच्छिक. तुम्ही काय पाहता त्याची नोंद कंपनीला पाठवणं, त्यावरून जाहिराती दाखवणं, आवाज ऐकणं अशा परवानग्या यात मागितल्या जातात. त्या नाकारल्या तरी टीव्हीवर पाठ दिसायचा थांबत नाही. वर्गातल्या टीव्हीत त्या नाकारलेल्याच बऱ्या. नकाराचं बटण साधारणपणे फिक्या रंगाचं असतं आणि होकाराचं भरलेल्या रंगाचं, हीसुद्धा भाषेशिवाय वाचता येणारी खूण आहे.

करून पाहा

१. टीव्हीचं घड्याळ सकाळी १०:०० ऐवजी ८:३० दाखवतंय. मिनिटांवरून काय कळतं? जागतिक वेळेच्या किती तास पुढे असलेला देश टीव्हीत निवडला गेला असेल? (सूचना : भारत साडेपाच तास पुढे आहे.)

२. हॉटस्पॉटचं नाव यादीत आहे, जोडणी झाली, पण पंख्यावर उद्गारचिन्ह आहे. तुम्ही कोणत्या तीन गोष्टी आणि कोणत्या क्रमाने तपासाल?

३. आपल्या शाळेच्या टीव्हीत सध्या कुणाचं खातं आहे ते शोधा. ती व्यक्ती आता याच शाळेत आहे का? नसेल तर या आठवड्यात ते खातं काढा आणि शाळेचं टाका.

४. वर सांगितलेल्या पाच स्क्रीनची चित्रं अक्षरं न लिहिता काढा आणि मित्राला ओळखायला सांगा.